अठरा मीटरवरची खूण

रिलेचा तास असला की मैदानावर फक्कीच्या रेषा पडतात, चार-चार मुलांच्या रांगा लागतात, आणि वर्गात व्हीलचेअर वापरणारी मुलगी असेल तर तिच्या हातात स्टॉपवॉच दिलं जातं. स्टॉपवॉच नसेल तर शिट्टी. देणाऱ्या सरांच्या मनात वाईट काही नसतं. तिला एकटं वाटू नये, ती वर्गाबरोबर मैदानावर असावी, एवढाच हेतू असतो. पण त्या तासाला बाकीची मुलं रिले शिकतात आणि ती वेळ मोजायला शिकते. एकाच तासिकेत दोन वेगळे धडे झाले, आणि त्यातला खेळाचा धडा तिला मिळाला नाही.

यापेक्षा थोडे पुढचे दोन उपाय सर्रास दिसतात. एकात मैत्रीण मागून खुर्ची ढकलते. दुसऱ्यात शर्यत संपल्यावर तिला एकटीला एक फेरी मारू देतात आणि सगळे टाळ्या वाजवतात. तिन्ही उपायांमध्ये एक गोष्ट सारखी आहे: ती जोरात गेली काय, हळू गेली काय, संघाचं काही बनत नाही आणि बिघडतही नाही. म्हणून पूर्ण सहभागाची माझी कसोटी जरा कडक आहे. तिच्या हातून चूक झाली तर संघाचं नुकसान झालं पाहिजे आणि तिने सराव केला तर संघाचा फायदा झाला पाहिजे. ज्या शर्यतीत तिची चूक कुणाला लागत नाही, त्या शर्यतीत ती नाही.

हे मी नाशिक डोळ्यांसमोर ठेवून लिहितो आहे. सावरपाड्यासारख्या पाड्यावरून आलेली कविता राऊत २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक घेऊन आली, तेव्हापासून आपल्या शाळांमध्ये धावण्याला वेगळंच वजन आलं. भोसलाच्या मैदानावर पहाटे धावणारी मुलं पाहून खेळाचे शिक्षक झालेले लोक इथे आहेत. धावणं शिकवायची समज या गावात भरपूर आहे. तीच समज चाकांना लावायची आहे, आणि ते वाटतं तितकं अवघड नाही, कारण रिलेचा गाभा मुळात धावण्यात नाहीच.

रिले म्हणजे बॅटनचा वेग. चार जणांनी आपापलं अंतर जागेवरून सुरू करून कापलं तर जितका वेळ लागतो, त्याहून कमी वेळात तेच चौघे बॅटन पुढे नेऊ शकतात, कारण दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्याच्या हातात बॅटन येतो तेव्हा ते आधीच वेगात असतात. चार गुणिले शंभरच्या शर्यतीत या अदलाबदलीसाठी ३० मीटरचा झोन असतो. त्या झोनमध्ये बॅटन कुठे आणि कोणत्या वेगात हात बदलतो यावर शर्यत ठरते. धावण्यात सरस असलेले संघ तिथे बॅटन पाडून बाद झाल्याचं आपण अनेकदा पाहिलेलं असतं. शाळेतल्या तासाचं उद्दिष्टही तेच असायला हवं: वेग न मोडता बॅटन देणं आणि घेणं. हे उद्दिष्ट फळ्यावर लिहून पाहिलं की कळतं, त्यात पायांचा उल्लेखच नाही.

कायद्याचं एका वाक्यात सांगतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या सोळाव्या कलमात शाळांनी अशा मुलांना प्रवेश देण्याबरोबरच खेळाच्या आणि करमणुकीच्या संधीही इतरांच्या बरोबरीने द्याव्यात असं स्पष्ट म्हटलं आहे. तेव्हा हा सरांच्या दयाळूपणाचा प्रश्न राहिलेला नाही. मात्र बरोबरीने म्हणजे नेमकं कसं, हे कलम सांगत नाही. ते मैदानावर टेप घेऊन ठरवावं लागतं.

सुरुवात जमिनीपासून करावी लागते. आपल्याकडची बहुतेक मैदानं काळ्या मातीवर मुरूम टाकून केलेली. मोठ्या मागच्या चाकांना मुरमाचा फारसा त्रास नसतो. अडकतात ती पुढची छोटी फिरती चाकं. सुटा खडा समोर आला की छोटं चाक आडवं होतं आणि खुर्ची जागीच थबकते. त्यावेळी मागून कुणी जोराने ढकलत असेल तर मूल पुढे फेकलं जातं. मैत्रिणीने ढकलू नये यामागे स्वाभिमानाइतकंच हेही कारण आहे. जुलै-ऑगस्टमध्ये काळी माती चाकाला चिकटते, आणि चाकाबाहेरची जी कडी हाताने फिरवायची, ती ओली होऊन हातातून निसटते. त्यामुळे पावसाळ्यात हा तास मैदानावर घ्यायचाच नाही. एरवी संपूर्ण मैदान सारखं करायची गरज नसते. अडीच मीटर रुंदीची पट्टी पुरते. सुटे खडे वेचायचे, आदल्या संध्याकाळी पाणी मारायचं आणि क्रिकेटच्या खेळपट्टीचा रोलर दोन-चार वेळा फिरवायचा. अडीच मीटर अशासाठी की धावपट्टीची एक लेन १.२२ मीटरची असते आणि खुर्ची व तिच्या शेजारून धावणारं मूल यांना मिळून दोन लेन लागतात.

दुसरी गोष्ट वळणाची. शाळेत आपण बहुधा ये-जा रिले घेतो: समोरच्या कोनाला वळसा घालून परत यायचं आणि पुढच्याच्या हातात बॅटन द्यायचा. जागा कमी लागते म्हणून ही पद्धत रूढ झाली. व्हीलचेअरसाठी ती सगळ्यात वाईट. धावणारं मूल एक पाय रोवून कोनापाशी वळतं. खुर्चीला त्यासाठी आधी वेग मारावा लागतो, मग एक चाक धरून दुसरं फिरवावं लागतं, आणि मग शून्यापासून पुन्हा वेग घ्यावा लागतो. जागच्या जागी वळायलाही साधारण दीड मीटर रुंद आणि दीड मीटर लांब मोकळी जागा हवी. वळवणं हे स्वतंत्र कौशल्य आहे, आणि त्याची वेगळी शर्यतही होते. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९७२ साली हायडेलबर्गला पोहण्यात सुवर्णपदक जिंकले तेव्हा व्हीलचेअरच्या स्लॅलममध्येही उतरले होते. पण आज शिकवायचंय बॅटन बदलणं. तासाचं उद्दिष्ट एक आणि मुलीची कसोटी लागतेय भलत्याच ठिकाणी, असं होता कामा नये. म्हणून ये-जा काढून टाकायची आणि सगळ्यांसाठी गोल रिले घ्यायची. पस्तीस मीटरच्या दोन सरळ बाजू आणि आठ मीटर त्रिज्येची दोन अर्धवर्तुळं काढली की साधारण १२० मीटरची फेरी होते. आठ मीटरचं वळण खुर्ची वेग न मोडता घेते. एवढी जागा बहुतेक मोठ्या शाळांच्या मैदानावर निघते. दोन संघ फेरीच्या समोरासमोरच्या टोकांवरून सोडले तर एकमेकांच्या वाटेतही येत नाहीत.

आता हातांकडे येऊ. धावणाऱ्या मुलाचे हात मोकळे असतात. खुर्ची चालवणाऱ्या मुलीचे दोन्ही हात म्हणजेच तिचे पाय. बॅटन घ्यायला तिने एक हात मागे केला की दुसऱ्या हाताचं चाक पुढे जातं आणि खुर्ची तिरपी होते. मांडीवर ठेवलेला बॅटन पहिल्या धक्क्याला घरंगळतो. गळ्यात पट्टा किंवा दंडावर रिंग घालायची कल्पना सुचते, पण खुर्चीवर लोंबणारी कोणतीही वस्तू चाकाच्या तारांमध्ये जाऊ शकते, त्यामुळे ती बाद. ओढणीचं आणि सुटलेल्या बुटाच्या नाडीचंही तेच.

यावर मोठ्या स्पर्धांनी काढलेला मार्ग स्पर्शाचा आहे. टोकियोच्या पॅरालिम्पिकमध्ये पहिल्यांदा चार गुणिले शंभरची युनिव्हर्सल रिले झाली: एक दृष्टिबाधित, एक हाता-पायाचं व्यंग असलेला, एक सेरेब्रल पाल्सी असलेला आणि एक व्हीलचेअरवरचा खेळाडू, त्यात दोन स्त्रिया आणि दोन पुरुष. बॅटन नाही, येणाऱ्याने पुढच्याला हात लावायचा. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. खो-खोमध्ये पाठीवर हात पडल्याशिवाय आणि ‘खो’ ऐकू आल्याशिवाय खेळाडू उठत नाही. हात आणि हाक यांनी पाळी पुढे देणं महाराष्ट्रातल्या मुलाला दुसरीपासून ठाऊक असतं. स्पर्शाची रिले घ्यायची तर मात्र सगळ्या संघांनी, सगळ्या बदलांना स्पर्शच वापरायचा. तिच्यासाठी स्पर्श आणि इतरांसाठी बॅटन असं केलं की तिचा बदल कच्चा लिंबू ठरतो, आणि हे मुलांना लगेच कळतं.

तरीही मला स्वतःला बॅटन सोडावासा वाटत नाही. वस्तू पडू शकते, म्हणून ती द्यायचं कौशल्य लागतं. शाळेने ते शिकवावं. त्यासाठी खुर्चीच्या उजव्या हाताच्या टेकूला बाहेरून कापडी खिसा घट्ट बांधायचा, तोंड रुंद आणि तळ इतका खोल की तीस सेंटिमीटरच्या बॅटनचा अर्धा भाग वर राहील. येणारा धावपटू उजव्या बाजूने येतो, “घे!” म्हणून बॅटन खिशात टाकतो आणि बाहेरच्या बाजूला निघून जातो. ती मागे बघत नाही, हातही मागे करत नाही. दोन्ही हात कडीवर ठेवून वेग घेत राहते. देताना उलटं. शेवटचे दोन-तीन मीटर ती खुर्चीला आपल्या वेगावर सोडते, उजव्या हाताने बॅटन उपसते आणि पुढे धरते. घेणारा तिच्या अगदी समोर उभा राहायचा नाही, एक हात उजवीकडे उभा राहायचा; समोर राहिला तर खुर्चीचा फूटरेस्ट त्याच्या घोट्यावर बसतो. असा फूटरेस्ट एकदा लागला की पुढच्या वेळी तो मुलगा आपोआप लांब पळतो आणि बदल फसायला लागतो.

यानंतरचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि तोच नेमका गाळला जातो. रिलेत घेणारा कधी निघतो? मागे जमिनीवर एक खूण केलेली असते. येणारा त्या खुणेवर पोचला की घेणाऱ्याने धाव सुरू करायची. खूण फार जवळ असली तर येणारा त्याच्यावर आदळतो, फार लांब असली तर घेणारा हाती लागत नाही. ही खूण प्रत्येक जोडीची वेगळी असते.

सहावीचा एक वर्ग धरू आणि आकडे उदाहरणादाखल घेऊ. प्रत्येकाचं अंतर ३० मीटर, त्यापुढे १० मीटरचा झोन. धावणारी मुलं वेगात आल्यावर सेकंदाला ५ मीटर जातात. व्हीलचेअरवरची मुलगी रोजच्या वापराच्या खुर्चीवर, दाबलेल्या मुरमावर, पूर्ण वेगात सेकंदाला २ मीटर जाते. जागेवरून निघून पहिले ७ मीटर कापायला धावणाऱ्या मुलाला साधारण २.२ सेकंद लागतात, तिला ५ सेकंद. बदल झोनच्या सातव्या मीटरला व्हावा असं ठरवलं. घेणारा धावणारा असेल तर त्या २.२ सेकंदांत मागून येणारा ११ मीटर येतो. ११ मधून ७ गेले, खूण ४ मीटर मागे. घेणारी ती असेल तर तिच्या ५ सेकंदांत येणारा २५ मीटर येतो. २५ मधून ७ गेले, खूण १८ मीटर मागे. सरांनी सवयीने सगळ्यांना चार-पाच मीटरवर खूण करून दिली तर येणारा मुलगा दीड सेकंदातच तिच्यापाशी पोचतो. ती जेमतेम हललेली असते. तो थांबतो, बॅटन देतो, आणि बघणारे म्हणतात की खुर्चीमुळे संघ हळू झाला. खरं तर खूण चुकली, आणि ती मोजून न घेणारा धडा अर्धवट राहिला. हा हिशोब मुलांकडूनच करून घ्यावा. सहावीच्या गणिताच्या बाहेरचं त्यात काही नाही.

या एका बदलातून मिळतं किती, ते बघा. झोनमधले ते ७ मीटर बॅटन धावणाऱ्याच्या हातात असतो तेव्हा १.४ सेकंदांत पार होतात. तिने बॅटन रेषेवर थांबून घेतला असता तर तेच अंतर पार व्हायला ५ सेकंद लागले असते. वाचले साडेतीन सेकंदांहून जास्त. दोन धावणाऱ्या मुलांमधला चांगला बदल एक सेकंदही वाचवत नाही. चौघांच्या आपापल्या ३० मीटरच्या वेळा धरा ६.८, १६.५, ७.० आणि ६.९, बेरीज ३७.२. तिन्ही बदल नीट झाले तर हाच संघ १२० मीटरची फेरी ३३ सेकंदांच्या आत-बाहेर पूर्ण करतो. वाचलेल्या चार-सवाचार सेकंदांपैकी बहुतेक तिला बॅटन देण्याच्या त्या एका क्षणातून आलेले असतात. म्हणजे संघाला सराव कशाचा जास्त करावा लागेल हे उघड आहे. दया दाखवायला नव्हे, जिंकायला मुलं तिच्याभोवती जमतील, खूण मागे-पुढे करून बघतील, आणि ती सांगेल की अजून एक मीटर मागे घे, मला वेग यायला वेळ लागतो.

याउलट ती देते तेव्हाचा बदल वेगळा. तिचा वेग २, घेणारा ५ चा. ती खुणेवर येताच तो जोरात सुटला तर ती त्याला कधीच गाठणार नाही. हीच सगळ्यात नेहमीची चूक. तिथे घेणाऱ्याने खुर्चीचं पुढचं चाक जवळजवळ रेषेवर येईपर्यंत थांबायचं, पहिली दोन-तीन पावलं आखूड टाकायची आणि बॅटन हातात आल्यावरच सुटायचं. या बदलात वेळ फारसा वाचत नाही, पण वाया जाऊ न देणं हेच कौशल्य आहे; आणि स्वतःचा वेग आवरायला शिकणं त्या धावणाऱ्या मुलाला जड जातं. धडा त्याच्यासाठीही तेवढाच खरा आहे.

आता इथे गुण कसे द्यायचे हा प्रश्न उभा राहतो, आणि समावेशाचे बरेच प्रयोग इथेच फसतात. सरळ शर्यत लावली तर तिचा संघ ३३ सेकंदांत येणार, दुसरा २५ मध्ये; निकाल आधीच ठरलेला. ज्या संघात ती, तो हरणार, हे मुलांनी दोनदा पाहिलं की तिसऱ्यांदा तिला कोणी संघात घेऊ इच्छित नाही, आणि यात मुलांना दोष देता येत नाही. म्हणून मोजायचं ते बेरीज वजा रिले, म्हणजे बदलांनी वाचवलेला वेळ. पण यात एक गोम आहे. वर पाहिलं तसं, वेगात फरक असलेल्या संघाला वाचवायला जागाच जास्त असते. एकसारख्या चार धावपटूंच्या संघाचे बदल कितीही सुरेख झाले तरी तीन सेकंदांवर जाणं कठीण. तेव्हा हा आकडा संघासंघांत लावला तर आता तिचा संघ दरवेळी जिंकणार. एका ठरलेल्या निकालाच्या जागी दुसरा ठरलेला निकाल बसवून काय साधणार? प्रत्येक संघाने आपल्याच मागच्या आठवड्याच्या बचतीशी स्पर्धा करावी, आणि ज्याची बचत सगळ्यात जास्त वाढली तो पहिला, हे मला सगळ्यात न्याय्य वाटतं. तेव्हा निकाल कुणालाच आधी सांगता येत नाही. एकट्याच्या वेळा आधीच्या तासाला घेऊन वहीत बंद करून ठेवाव्यात, नाहीतर मुद्दाम हळू धावून बेरीज फुगवायची युक्ती दुसऱ्याच दिवशी सापडते.

काही शिक्षक म्हणतात, त्यापेक्षा तिचं अंतर कमी करा, दहा मीटर द्या. अंतर कमी करायला माझा विरोध नाही. फक्त ती कपात तिच्या नावावर टाकायला आहे. १२० मीटरची फेरी चौघांनी हवी तशी वाटून घ्यावी, पण प्रत्येकाने किमान २० मीटर बॅटन नेलाच पाहिजे, असा नियम सगळ्यांना लावला तर तो डाव होतो. कुठल्या संघात कुणी नुकताच तापातून उठलेला असतो, कुणी जाड असतो, कुणी धावून धावून थकत नाही. तेही आपलं अंतर ठरवतील. किमान दहाच मीटर ठेवलं तर मात्र मुलं तिला दहाच देतील आणि दोन झोनच्या मध्ये तिच्या वाट्याला काही उरणारच नाही.

तिला कितव्या क्रमांकावर ठेवायचं? युनिव्हर्सल रिलेत व्हीलचेअरचा खेळाडू चौथा असतो. ते बघून शाळेतही तिला शेवटी ठेवायचा मोह होतो. शर्यतीची खुर्ची वेगळी असते: लांब, तीनचाकी, आणि एकदा वेग आला की पायांना मागे टाकणारी. स्वित्झर्लंडच्या मार्सेल हूगने २०२१ मध्ये मॅरेथॉन १ तास १७ मिनिटांत संपवली. धावणाऱ्या माणसाला त्यासाठी दोन तासांच्या आसपास लागतात. शाळेतल्या घडीच्या खुर्चीला तो वेग नाही. चौथ्या जागेवरची मुलगी फक्त घेते, देत कधीच नाही, म्हणजे निम्मा धडा बुडाला. शिवाय बाकीचं सगळं मैदान रिकामं झालेलं असताना सर्वांच्या नजरा तिच्या एकटीवर लागतात. दुसरी किंवा तिसरी जागा चांगली. तिथे ती घेते आणि देतेही, आणि तिच्यानंतर पुन्हा धावपळ असते.

पस्तीस मिनिटांच्या तासिकेत पन्नास मुलं घेऊन हे सगळं कधी करायचं, हा आक्षेप रास्त आहे. एका तासात होणार नाही. पहिला तास वेळा घेण्यात आणि जोड्या लावण्यात जातो. दुसऱ्यात प्रत्येक जोडीने सरळ पट्टीवर आपली खूण शोधायची: एकाने धावायचं, एकाने घ्यायचं, तिसऱ्याने बदल कितव्या मीटरला झाला ते बघायचं, चौथ्याने खूण सरकवायची. फक्की, टेप आणि दोन स्टॉपवॉच एवढंच साहित्य. स्टॉपवॉच प्रत्येक मुलाच्या हातात पाळीपाळीने जातं, तिच्याही, तिच्या पाळीला. तिसऱ्या तासाला फेरी. तिला सलग चार-पाचदा पूर्ण जोर लावायला सांगू नये; मुरमावर खांदे लवकर भरतात. दोन प्रयत्नांमध्ये इतर संघांची फेरी झाली की तिला आपोआप विश्रांती मिळते. निघण्याआधी दोन्ही ब्रेक सुटले आहेत ना, खिसा आत सरकून चाकाला घासत नाही ना आणि कमरेचा पट्टा लावला आहे ना, हे सरांनी बघायचं. सायकलचे अर्ध्या बोटांचे हातमोजे असले तर हात सोलवटत नाहीत.

काहीतरी चुकतंय हे कळतं कसं? ती झोनमध्ये मागे वळून बघू लागली तर खूण तिला पटलेली नाही. येणारा शेवटच्या पावलांत वेग कमी करत असेल तर खूण जवळ आहे. बदल नेहमी आठव्या-नवव्या मीटरच्या पुढे जात असेल तर खूण लांब आहे. खुर्ची सतत एकाच बाजूला ओढत असेल तर आधी टायरमधली हवा बघावी आणि मगच तिला काही सांगावं. शिबिरात मिळालेली खुर्ची पुष्कळदा मुलाच्या मापाची नसते. सीट फार रुंद असेल तर हात कडीपर्यंत नीट पोचत नाहीत आणि खांदे उचलून जोर लावावा लागतो. ते रिलेच्या तासाला सुटणारं दुखणं नाही. विशेष शिक्षकांना आणि घरी सांगून खुर्ची बदलून घ्यावी लागते.

काही मुलं स्वतः खुर्ची चालवू शकत नाहीत, आणि त्यांना हा आराखडा जसाच्या तसा बसत नाही. मोटारच्या खुर्चीवर एक हात जॉयस्टिकवर असतो आणि दुसरा मोकळा. तिथे बॅटन हातात देता येतो आणि वेग जवळजवळ ठरलेला असल्यामुळे खूण उलट जास्त अचूक लागते. हातात ताकदच नसेल तर सोबत्याने ढकलण्यावाचून इलाज नाही. मग त्या सोबत्यालाही संघाचा भाग धरावं, दृष्टिबाधित धावपटूच्या मार्गदर्शकासारखं. निघायचं कधी आणि बॅटन कधी द्यायचा हा हुकूम मात्र खुर्चीवरच्या मुलाचा. त्याने “चल” म्हटल्याशिवाय चाक हलायचं नाही. मुरमावर हा प्रकार करू नये, काँक्रीटच्या अंगणातच करावा.

हे सगळं ठरवण्याआधी तिला विचारायला हवं, आणि सगळ्या वर्गासमोर नाही. ती किती वेळ जोर लावू शकते, कोणत्या बाजूने कुणी आलेलं चालतं, खिसा डाव्या हाताला बरा की उजव्या, हे तिला सरांपेक्षा जास्त माहीत असतं. दुसऱ्या आठवड्यात संघातला क्रम बदलला आणि तिला बॅटन द्यायला जास्त वेगाचा मुलगा आला की १८ मीटर पुरत नाहीत. पावसामुळे तास काँक्रीटवर गेला तर उलट होतं: तिथे चाक लवकर सुटतं, पहिले ७ मीटर चारच सेकंदांत होतात आणि खूण पाच मीटर पुढे, १३ मीटरवर येते. मग चौघांनी पुन्हा टेप काढायची.